आधी दहा जणींची फी, मग कॅमेरा

वाचकाचं पत्र

‘मी कोल्हापुरात राजारामपुरीत बरीच वर्षं शिवणक्लास घेते. ब्लाऊज हा माझा हातखंडा. भाचा म्हणतो, मावशी, तुझा कोर्स एकदाच रेकॉर्ड करून ठेव, ७९९ रुपयांना विकू, तू झोपलीस तरी पैसे येत राहतील. एका स्टुडिओने ३० व्हिडिओंचे ८५ हजार सांगितलेत. मी जुन्या विद्यार्थिनींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, “ऑनलाइन कोर्स काढला तर घ्याल का?” २१० पैकी ६४ जणींनी हो लिहिलं. मिस्टर म्हणतात, आधी मोबाइलवर लाइव्ह बॅच घेऊन बघ. पण लाइव्ह म्हणजे पुन्हा तीच दगदग, मग ऑनलाइनचा उपयोग काय? आणि यूट्यूबवर तर सगळंच फुकट आहे. रेकॉर्ड करू की लाइव्ह घेऊ?’

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात मला ८५ हजारांपेक्षा ६४ हा आकडा जास्त खटकला, कारण ८५ हजार खर्चायचं धाडस तुम्हाला त्या ६४ मुळे आलंय. त्या ६४ जणींनी अजून केलंय काय? ज्या बाईंनी त्यांना कात्री धरायला शिकवली, त्यांनी ग्रुपवर सगळ्यांदेखत विचारल्यावर त्या ‘नको’ म्हणाल्या नाहीत, एवढंच. तुमच्या प्रश्नात किंमत नव्हती, तारीख नव्हती, नेमकं काय शिकवणार हेही नव्हतं. अशा प्रश्नाला हो म्हणायला काहीच पडत नाही. उलट बाईंना बरं वाटतं. शिवाय ग्रुपवर पहिल्या चौघींनी हो लिहिलं की पुढच्या त्याच्याखाली हो लिहीत जातात, हे तुम्ही बघितलंच असेल. हे ६४ हो खोटे आहेत असं नाही. पण त्यातून प्रेम कळतं, गिऱ्हाइकी कळत नाही.

गिऱ्हाइकी कशी कळेल ते सांगते, पण आधी रेकॉर्ड की लाइव्ह याबद्दल बोलू. तुम्ही दोन्ही एकच माल धरलाय. एकात कष्ट एकदा, दुसऱ्यात दर वेळी, असा तुमचा हिशेब दिसतो. मला वाटतं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तुमच्या कामाला यातली कुठली लागते, हे तुमच्याच टेबलावर बघून ठरवता येईल.

हात वर केला की ब्लाऊज वर उचलला जातो, ही तक्रार घ्या. क्लासमध्ये ती तुम्ही नेहमी ऐकत असाल. घरी शिकणारी बाई काय करते? तिला वाटतं मुंढा घट्ट झाला, म्हणून ती तो आणखी खोल कापते. पुढचा ब्लाऊज आणखी उचलला जातो. कारण बहुतेक वेळा मुंढा घट्ट नसतो, तो आधीच जास्त खाली गेलेला असतो. तो वर घ्यायला हवा आणि बाहीचा वरचा गोलवा थोडा बसका करून बाही रुंद करायला हवी. म्हणजे दुरुस्ती तिला सुचली त्याच्या बरोबर उलटी आहे, आणि कापड एकदा कापलं की त्या ब्लाऊजपुरता विषय संपला. पुढच्या मुंढ्यात घोळ येतो त्याचंही तसंच. एकीचा खांदा जास्त रुंद धरलेला असतो, दुसरीचे टक्स कमी पडलेले असतात. दोघी फोटो पाठवतात तेव्हा घोळ सारखाच दिसतो. तुम्ही एका नजरेत फरक ओळखता. त्यांना तो ओळखता येत नाही, म्हणूनच तर त्या तुमच्याकडे येतात.

तेव्हा प्रश्न असा विचारा: शिकणारीला आपली चूक स्वतःची स्वतःला दिसते का? दिसत असेल तर रेकॉर्ड केलेला कोर्स छान चालतो. टॅली शिकवणाऱ्याचं उदाहरण घ्या. विद्यार्थ्याने सुरुवातीच्या शिलका भरताना गडबड केली, तर ताळेबंदात `Difference in opening balances` अशी ओळ टॅली स्वतःच दाखवतं. विद्यार्थी व्हिडिओ मागे घेतो, पुन्हा बघतो, आकडा जुळवतो. शिक्षक समोर नसला तरी फारसं अडत नाही. ब्लाऊज अशी ओळ दाखवत नाही. तो नुसता बसत नाही, आणि का बसत नाही ते सांगत नाही.

यूट्यूबची भीतीही इथेच नीट तपासून घ्या. प्रिन्सेस कटचं कटिंग यूट्यूबवर मराठीत, हिंदीत हवं तेवढं फुकट आहे. तुमचे ३० व्हिडिओ ७९९ रुपये लावून त्या ढिगाशेजारी उभे राहणार, आणि विकत घेणारी विचारणार की यात वेगळं काय. पण यूट्यूबवरची बाई समोरच्या पोरीचा ब्लाऊज बघून ‘तुझे टक्स अर्ध्या इंचाने वाढव’ असं सांगू शकत नाही. ते काम तुमचं. फुकट व्हिडिओ बघून शिवलेले आणि न बसलेले ब्लाऊज जितके वाढतील, तितकी त्या कामाची गरज वाढेलच. म्हणजे यूट्यूब तुमच्या रेकॉर्ड केलेल्या कोर्सचा वैरी आहे, लाइव्ह बॅचचा नाही.

अर्धवट सोडणाऱ्यांचंही बघायला हवं. हार्वर्ड आणि एमआयटीने २०१२-१३ मध्ये एडएक्सवर मोफत ऑनलाइन कोर्स सुरू केले, तेव्हा पहिल्या वर्षात ८ लाख ४१ हजारांवर नोंदण्या झाल्या आणि प्रमाणपत्रापर्यंत ४३ हजारांच्या आसपास पोचल्या. तिथे प्रवेश फुकट होता, तुमच्याकडे पैसे मोजून येतील, त्यामुळे तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. पैसे भरलेली माणसं जास्त टिकतात. तरी पाठीमागे कुणी विचारणारं नसलं की गळती मोठी असते, हे खरं. तुमच्या धंद्याला ती जास्त लागते, कारण तुमची पुढची विद्यार्थिनी जाहिरातीने येत नाही. कुणाच्या तरी अंगावर नीट बसलेला ब्लाऊज बघून ती ‘कुठं शिकलीस?’ असं विचारते. कोर्स अर्धवट सोडलेली बाई कुणाला काय दाखवणार?

आता स्टुडिओचा हिशेब. ७९९ रुपयांतून पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी गेला की तुमच्या हातात ७८० राहतात. ८५ हजार वसूल व्हायला १०९ जणींनी कोर्स घ्यायला हवा, आणि तेव्हा तुम्ही कुठे शून्यावर येता. जुन्या विद्यार्थिनी संपल्या की अनोळखी बायकांपर्यंत पोचायला जाहिरात करावी लागेल. समजा एक गिऱ्हाईक मिळवायला ३०० रुपये लागले, तर तोच आकडा पावणेदोनशेच्या पुढे जातो. ‘झोपलीस तरी पैसे येतील’ असं भाचा म्हणतो ते जाहिरात चालू आहे तोवरच. शिवाय त्या बायकांचे मेसेज यायचे थांबत नाहीत. ‘बाई, माझा मुंढा उचलतोय’ असं लिहून रात्री साडेदहाला फोटो येणार, आणि ७९९ घेतले म्हणून तुम्ही उत्तर देत बसणार. म्हणजे दुरुस्तीचं काम तुम्हाला करावं लागणारच, फक्त त्याची फी मिळणार नाही. व्हिडिओ कुणीतरी टेलिग्रामवर चढवले तर ते निस्तरणं वेगळंच.

म्हणून माझं मत मिस्टरांच्या बाजूने आहे. पण नुसती ‘लाइव्ह बॅच घेऊन बघ’ एवढ्यानेही भागत नाही. बॅचही आधी विकून बघायची, मग घ्यायची.

सुरुवात फोनपासून करा. त्या ६४ मधल्या दहा-बारा जणी निवडा. तुमच्या लाडक्या निवडू नका. त्यातल्या निम्म्या तरी अशा असाव्यात, ज्या घरी दुसऱ्यांचे ब्लाऊज पैसे घेऊन शिवतात. फोनवर कोर्सचं नावही काढू नका, कारण ते काढलंत की पुन्हा ‘हो बाई, घेऊ की’ सुरू होईल. काय झालं ते विचारा, काय होईल ते विचारू नका. गेल्या महिन्यात किती ब्लाऊज शिवलेस? त्यातले किती परत आले? काय म्हणून आले? मग तू काय केलंस, कुणाला विचारलंस? वर्षभरात शिकण्यासाठी कशावर पैसे घातलेस का? उत्तरं वहीत त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘फिटिंगचा प्रॉब्लेम’ असं तुमच्या शब्दांत लिहू नका. ती ‘काखेत चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक बोलून जातं’ म्हणाली असेल तर तेच लिहा. पुढे जाहिरात लिहिताना हीच वाक्यं कामाला येतात.

या फोनांतून तुमचा बेत मोडूही शकतो, आणि तो मोडला तर बरंच. समजा बाराजणींपैकी आठजणी म्हणाल्या, ‘बाई, शिवायला नीट येतं, पण शेजारची शंभर रुपये कमी घेते, म्हणून गिऱ्हाईक तिकडं जातं’. मग त्यांना कटिंगचा कोर्स नकोच आहे. त्यांना शिलाईचा दर कसा ठरवावा, भरतकामाचे किंवा पॅडचे जास्त पैसे कसे सांगावे, हे हवंय. ३० व्हिडिओ काढल्यावर हे कळण्यापेक्षा चार फोनांत कळलेलं स्वस्त. उलट ब्लाऊज परत येतात, उसवून पुन्हा शिवण्यात दुपार जाते, एखादीला गिऱ्हाइकाचं कापड भरून द्यावं लागलंय, असं ऐकू आलं तर समजा जागा सापडली. तिचं दर महिन्याला नुकसान होतंय आणि ते तिला रुपयांत माहीत आहे. हौस म्हणून स्वतःपुरता ब्लाऊज शिवायला शिकणारी बाई आणि ही बाई, दोघींसाठी एकच कोर्स काढू नका. पहिलीला यूट्यूब पुरतं.

मग एक मेसेज लिहा. ‘संपूर्ण ब्लाऊज कोर्स’ असलं मोघम नाव नको. साधारण असं:

‘घरी दुसऱ्यांचे ब्लाऊज शिवणाऱ्या मैत्रिणींसाठी. प्रिन्सेस कट, अस्तरासह. चार आठवडे, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी २ ते ३.३०, मोबाइलवर. तुम्ही तीन वेगवेगळ्या अंगाच्या बायकांची मापं घेऊन आधी मांजरपाटावर शिवाल. प्रत्येकीचं फिटिंग मी स्वतः बघून दुरुस्ती सांगेन. जागा १२. फी १,८०० रुपये. २० तारखेपर्यंत १० जणींची फी आली तर बॅच सुरू होईल. नाही आली तर २१ तारखेला सगळ्यांचे पैसे परत.’

या मेसेजमधलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. अजून काही तयार नाही, पुरेशा जणी आल्या तरच बॅच होणार, हे तुम्ही उघड सांगताय, त्यामुळे यात कुणाची फसवणूक नाही. पैसे मात्र खरे घ्यायचे आणि पूर्ण घ्यायचे. शंभर रुपये टोकन ठेवलंत तर पुन्हा ते ६४ हो परत येतील, कारण बाईंसाठी शंभर रुपये सोडायला कुणाची ना नसते. पूर्ण फी एकदम जड वाटते असं दोघी-तिघी म्हणाल्या तर दोन हप्ते द्या, पण पहिला हप्ता निम्म्याचा असू दे. यासाठी वेबसाइट नको, ॲप नको, यूपीआयचा क्यूआर कोड पुरे. ते पैसे एका वेगळ्या खात्यात ठेवा आणि २० तारखेपर्यंत त्यातल्या रुपयालाही हात लावू नका, म्हणजे परत करायची वेळ आली तर ओढाताण होणार नाही. जीएसटीची काळजी सध्या नको. सेवा देणाऱ्यांना आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि क्लासची फी धरूनही तुम्ही तिथे पोचत असाल असं वाटत नाही.

दहा हा आकडा मेसेज टाकायच्या आधी कागदावर लिहून मिस्टरांच्या हातात द्या. नाहीतर सहाजणींचे पैसे आल्यावर तुम्ही म्हणणार, सहा काय वाईट आहे? आणखी एक अट घाला: दहापैकी निदान तीन-चार जणी तुमच्याकडे कधीच न शिकलेल्या असाव्यात. कुणाची इचलकरंजीची जाऊ, कुणाची गडहिंग्लजची मैत्रीण, कुणी निपाणीची. त्यासाठी मेसेज ग्रुपवर टाकून थांबू नका, ज्यांच्याशी फोनवर बोललात त्यांना म्हणा, ‘तुझ्या ओळखीत कुणी घरी शिवत असेल तर तिला पाठव.’ जुन्या विद्यार्थिनी तुमच्यासाठी पैसे भरतात. अनोळखी बाई त्या कामासाठी भरते, आणि पुढच्या बॅचला तुम्हाला तिच्यासारख्याच मिळणार आहेत.

आकडा गाठला नाही तर कुठे अडलं ते बघा. मेसेज पाठवल्यावर कुणी काही विचारलंच नाही, तर जे देताय त्याची त्यांना गरज नाही, किंवा मेसेज चुकीच्या बायकांकडे गेलाय. पुष्कळ जणींनी विचारलं, ‘रेकॉर्डिंग मिळेल का, शनिवारी घेता का’ अशी चौकशी केली आणि पैसे भरले नाहीत, तर गरज आहे पण वेळ, फी किंवा मोबाइलवर शिकता येईल का हा विश्वास आडवा येतोय. अशा वेळी लगेच फी ९९९ करू नका. त्यांच्यातल्या तिघी-चौघींना फोन करून विचारा, ‘हे नाही घेतलंस, मग परत आलेल्या ब्लाऊजचं तू आता काय करतेस?’ ‘काही नाही, चालतंय’ असं उत्तर आलं तर फी ४९९ केली तरी ती घेणार नाही. ‘दुपारी पोरगं शाळेतून येतं’ असं आलं तर वेळ बदला. चारच जणींचे पैसे आले तर सांगितल्याप्रमाणे २१ तारखेला परत करा. त्या चौघींना राजारामपुरीतल्या तुमच्या नेहमीच्या क्लासला बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण ती ऑनलाइनची मागणी धरू नका.

हे सगळं कधी करायचं, त्यालाही महत्त्व आहे. तुमच्या होणाऱ्या विद्यार्थिनी स्वतः शिवणकाम करणाऱ्या आहेत. गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्यांना मान वर करायला वेळ नसतो, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे ब्लाऊज सुरू होतात. त्या काळात मेसेज टाकून कुणी आलं नाही, तर मागणी नाही असा अर्थ काढू नका. आषाढ बरा. लग्नं थांबलेली असतात, मशीन रिकामं असतं, आणि सणांच्या ऑर्डरी यायच्या आत हात सुधारून घ्यावा असं वाटायची हीच वेळ. अडचण एकच, आपल्या पावसाची. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की कधी वीज जाते, कधी नेट, म्हणून दोन दिवस जादा राखून ठेवा आणि मेसेजमध्येच तसं लिहा.

पहिली बॅच बाराच्या वर नेऊ नका, वीस जणी पैसे घेऊन उभ्या राहिल्या तरी. यात वेळ कुठे जातो ते बघा. आठ तासिका दीड-दीड तासाच्या, म्हणजे १२ तास. प्रत्येकीचं फिटिंग बघायला आठवड्याला दहा मिनिटं धरली तर बाराजणींचे दोन तास, चार आठवड्यांचे आठ. तयारी, फोन, मेसेज यांना आणखी दहा. एकूण ३० तास आणि २१,६०० रुपये, म्हणजे तासाला ७२० रुपये. तुमच्या आताच्या क्लासमध्ये तासाला काय पडतं ते याच पद्धतीने काढून शेजारी ठेवा, मग ‘तीच दगदग’ आहे की नाही ते कळेल. फुकटचं झूम ४० मिनिटांत बंद पडतं आणि गूगल मीटवर तिघं किंवा त्याहून जास्त असले की तासाची मर्यादा आहे, म्हणून एका महिन्याचे पैसे भरा किंवा मध्ये दहा मिनिटं चहाला सोडून पुन्हा जोडा. पहिल्या बॅचला दुसरा मार्ग चालतो. कटिंग दाखवताना फोन टेबलाच्या वर सरळ खाली बघत राहील असा बांधा. समोरून धरला तर शिकणारीला रेषा उलट्या बाजूने दिसतात.

दीड तासातला पहिला अर्धा तास दाखवायला, बाकीचा तास दुरुस्तीला ठेवा. हे पाळणं जड जाईल, कारण शिकवणाऱ्याला दाखवायला आवडतं. पण पैसे त्या दुसऱ्या तासाचे आहेत. प्रत्येकीकडून आदल्या दिवशी रात्रीपर्यंत चार फोटो मागवा: समोरून, पाठीमागून, बाजूने, आणि एक हात वर करून. शेवटचा विसरू नका, मुंढ्याची निम्मी चूक त्यातच सापडते.

फोटोंच्या बाबतीत आधीच कडक नियम करा. हे ब्लाऊज घातलेल्या बायकांचे फोटो आहेत, कित्येकदा विद्यार्थिनीच्या गिऱ्हाइकाचे. ते ग्रुपवर पडायला नकोत. हनुवटीच्या खालचाच फोटो, तोही फक्त तुमच्या नंबरवर, आणि फोटोतल्या बाईला विचारूनच. तासाला सगळ्यांना दाखवायचा असेल तर पुन्हा विचारून. बॅच संपली की फोनमधून काढून टाका, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. गावाकडच्या कितीतरी बायका यासाठीच मागे राहतात, पण तोंडाने ‘वेळ नाही’ असं सांगतात. ज्यांना फोटो नकोच त्यांना मापांचा तक्ता आणि उलट करून टेबलावर पसरलेल्या ब्लाऊजचा फोटो पाठवू द्या. सगळं नाही, पण बरंच कळतं.

आता रेकॉर्डिंग. ते मी नाकारत नाहीये, फक्त त्याची पाळी नंतर येते. बॅच चालू असताना एक वही ठेवा आणि विचारलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहा. शेवटी दोन ढीग करा. एका ढिगात असे प्रश्न, ज्यांचं उत्तर तुम्ही बाराही जणींना अक्षरशः तेच दिलंत: माप कुठून कुठे घ्यायचं, कागदावर आखणी कशी करायची, अस्तर आणि कापड एकत्र कसं धरायचं, हुकपट्टी कुठल्या बाजूला किती. दुसऱ्या ढिगात असे, ज्यांचं उत्तर प्रत्येकीला वेगळं दिलंत. पहिला ढीग रेकॉर्ड करा. दुसऱ्याला कॅमेरा लावू नका. पहिल्या ढिगात ३० व्हिडिओ निघतील असं मला वाटत नाही, सात-आठ निघतील, आणि ते तुमच्या फोनवर, दिवसाउजेडी, भाच्याला समोर बसवून निघतील. स्टुडिओची गरज पडलीच तर ती तेव्हा ठरवा.

मग दुसऱ्या बॅचला हे व्हिडिओ तासाच्या आधी बघून यायचं सांगा. दाखवण्यातला तुमचा वेळ वाचला की आठ तासिकांच्या जागी दोन-दोन तासांच्या चार पुरतात, आणि त्या सगळ्या दुरुस्तीच्या. फी तीच ठेवा किंवा वाढवा, कमी करू नका. तुम्हाला हवी होती ती दगदगीतली सुटका खरी तर इथे मिळते. एकटे व्हिडिओ वेगळे विकायचे असतील तर दुसऱ्या बॅचनंतर विका, आणि सोबत स्पष्ट लिहा की यात फिटिंग तपासून मिळणार नाही, ते हवं असेल तर पुढची बॅच अमुक तारखेला. तेव्हा रात्री साडेदहाला येणाऱ्या फोटोला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं असेल.

लाइव्ह तासाचं रेकॉर्डिंग कापून कोर्स म्हणून विकायचा मोह होईल. ते करू नका. त्यात विद्यार्थिनींचे आवाज आहेत, घरं आहेत, आणि कुणाच्या तरी गिऱ्हाइकाचा न बसलेला ब्लाऊज आहे. गैरहजर राहिलेलीला आठवडाभर बघायला द्या, मग काढून टाका. विकायचे व्हिडिओ मांजरपाटावर आणि पुतळ्यावर नव्याने काढा.